स्पाइस्ड रम आणि फ्लेवर्ड दारू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रमबद्दल येणाऱ्या मेसेजपैकी निम्मेअधिक हल्ली स्पाइस्ड रमबद्दल असतात, आणि त्यातले बरेचसे एकाच तक्रारीचे: 'रेसिपी तीच, पण ड्रिंक काकवीसारखं झालं.' म्हणून सगळ्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. घाईत असाल तर थेट प्रश्न ५ वाचा.

१. स्पाइस्ड रम म्हणजे नक्की काय? डार्क रमपेक्षा ती वेगळी कशी?

डार्क रमचा रंग आणि चव लाकडी पिंपातून येते, बऱ्याचदा त्यात कॅरॅमलचा रंगही घातलेला असतो. स्पाइस्ड रममध्ये रम तयार झाल्यावर मसाल्यांची चव वेगळी घातली जाते. व्हॅनिला जवळपास प्रत्येकीत असतोच. त्याच्या मागे दालचिनी, लवंग, जायफळ, संत्र्याची साल, कधी आलं. त्यावर साखर आणि रंगासाठी कॅरॅमल, ज्याचा कोड लेबलवर १५०ए असा दिसतो.

कॅरिबियन बेटांवर रममध्ये मसाले आणि साली मुरवायची घरगुती रीत जुनी आहे. सेंट लुशियात आजही छोट्या बारच्या फळीवर अशा बरण्या दिसतात. तिथल्या 'चेअरमन्स रिझर्व्ह स्पाइस्ड'मध्ये ब्वा बांदे नावाच्या स्थानिक झाडाची सालही वापरतात. आपल्याला माहीत असलेली गोड, व्हॅनिलाच्या वासाची बाटली मात्र अमेरिकेत १९८० च्या दशकात 'कॅप्टन मॉर्गन'मुळे रुळली. पुढच्या उत्तरांत मी याच प्रकाराबद्दल बोलतोय.

२. त्यात खरे मसाले भिजवतात की इसेन्स ओततात?

दोन्ही प्रकार आहेत, आणि एकाच बाटलीत दोन्ही असू शकतात. छोटे उत्पादक मसाले रममध्ये मुरवतात, काही जण मसाल्यांसकट पुन्हा ऊर्ध्वपातन करतात. मोठ्या प्रमाणावर काम चालतं तिथे तयार अर्क वापरणं सोयीचं पडतं, कारण लाखो बाटल्यांची चव वर्षभर एकसारखी ठेवायची असते आणि बाजारातली दालचिनी दर हंगामाला बदलते.

ओळखायचं कसं? पेगभर रम ग्लासात ओतून अर्धा तास तशीच ठेवा, मग हुंगा. मुरवलेल्या रमचा वास या वेळात बदलतो, आधी संत्र्याची साल जाते आणि मागे लाकूड-लवंग उरते. अर्धा तास उलटूनही फक्त बेकरीतल्या केकसारखा एकसुरी गोड वास येत असेल, तर बहुतेक व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं मुख्य द्रव्य, सढळ हाताने घातलेलं आहे. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. इसेन्सची रम वाईटच असते असंही नाही.

३. ओल्ड मंक स्पाइस्ड रम आहे का? व्हॅनिला तर येतोच!

नाही. १९५४ पासून विकली जाणारी ओल्ड मंक डार्क रम म्हणून विकली जाते, ४२.८ टक्क्यांची, आणि बाटलीवर 'स्पाइस्ड' म्हटलेलं नाही. व्हॅनिलाचा वास येतो एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण ओकच्या लाकडातच व्हॅनिलिन असतं आणि पिंपात वर्षानुवर्षं राहिलेल्या दारूत ते आपसूक उतरतं.

मिक्सिंगपुरतं मात्र तिला साधी पांढरी रम आणि स्पाइस्ड रम यांच्या मधली समजा. पांढऱ्या रमच्या रेसिपीत ओल्ड मंक घालत असाल तर साखरेचा पाक थोडा कमी करा. का, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

४. युरोपातून आणलेल्या बाटलीवर 'रम' नाही, 'स्पिरिट ड्रिंक' लिहिलंय. डुप्लिकेट आहे का?

डुप्लिकेट नाही, तिथला कायदा तसा आहे. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या नियमानुसार 'रम' म्हणून विकायची तर तीव्रता किमान ३७.५ टक्के हवी, बाहेरून चव घातलेली नको आणि गोडी लिटरमागे २० ग्रॅमपेक्षा जास्त नको. तिकडची 'कॅप्टन मॉर्गन स्पाइस्ड गोल्ड' ३५ टक्क्यांची आहे आणि तिला चवही घातलेली आहे, म्हणजे ती पहिल्या दोन अटींतच बाद होते. अमेरिकेत नियम सैल आहेत. चव घातलेली रम तिथे किमान ३० टक्क्यांची असली तरी चालते, फक्त चव घातल्याचं लेबलवर सांगावं लागतं.

फ्लेवर्ड व्होडकाला युरोपात लिटरमागे १०० ग्रॅमच्या आत गोडी चालते आणि त्याच्या वर गेलं की ती लिकर, म्हणजे गोड केलेली दारू. उलट 'लंडन जिन' लिहिलेल्या बाटलीत साखर नावालाही नसते आणि ऊर्ध्वपातनानंतर चव घालायला बंदी आहे. म्हणजे गुलाबी, स्ट्रॉबेरीची जिन 'लंडन जिन' असूच शकत नाही. तिच्याशी फ्लेवर्ड दारूसारखंच वागायचं.

परदेशातल्या नातेवाइकांकडून बाटली मागवताना त्यांना लेबलवरचा टक्क्यांचा आकडा वाचायला सांगा. मिक्सिंगला नावापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

५. साध्या रमची रेसिपी स्पाइस्ड रम घालून केली तर एवढी गोड का होते?

नेहमीचं उत्तर 'साखर असते ना तिच्यात' असं असतं. हिशोब मांडला की दिसतं, साखरेचा दोष त्यात लहान आहे.

डाकिरी घेऊ. साधी रम ६० मिली, लिंबाचा रस २५ मिली, साखरेचा पाक २० मिली. पाक म्हणजे वजनाने समान साखर आणि पाणी. त्याच्या २० मिलीत साधारण १२ ग्रॅम साखर असते. आता रमच्या जागी स्पाइस्ड रम घाला आणि तिच्यात लिटरमागे २० ग्रॅम साखर आहे असं धरा. ६० मिलीत झाली १.२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम २ मिली पाक. हिशोबाने पाक २० ऐवजी १८ मिली घेतला की काम व्हायला हवं. होत नाही, ड्रिंक तरी गोडच लागतं.

कारणं दोन. पहिलं व्हॅनिला. त्यात स्वतःची साखर नसते, पण त्या वासाने जिभेला गोडी वाढल्यासारखी वाटते. आपण तो आयुष्यभर आइस्क्रीम, केक आणि बिस्किटांतच घेतलेला असतो. दुसरं कारण तीव्रता. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिली रममध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे २५.७ मिली असतं, ३५ टक्क्यांच्या रममध्ये २१ मिली. अल्कोहोलचा जो झणका साखरेला आवरून धरतो तोच कमी झाला, मग गोडी पुढे येणारच.

म्हणून स्पाइस्ड रमची डाकिरी अशी करा: रम ६०, लिंबू २५, पाक १२. शेकरमध्ये भरपूर बर्फ घालून दहा-बारा सेकंदच हलवा, कारण कमी तीव्रतेच्या रमला जास्त पाणी सोसत नाही. चाखून बघा. आंबट लागलं तर पाक अर्धा-अर्धा चमचा वाढवा. गोड लागलं तर लिंबू वाढवू नका, पुढच्या वेळी पाक कमी करा. लिंबू वाढवत गेलात की ड्रिंक आंबटगोड सरबताकडे जातं आणि रम मागे पडते.

६. बाटलीत साखर किती आहे हे घरी कळतं का?

ढोबळ कळतं. सोपा उपाय म्हणजे स्टीलच्या ताटलीत दोन चहाचे चमचे रम पसरून पंख्याखाली रात्रभर ठेवायची, गॅसपासून लांब. सकाळी बोट फिरवा. न गोड केलेल्या रमचा कोरडा, तपकिरी पातळ थर राहतो. साखर असेल तर बोट चिकटतं, लिकर असेल तर ताटली पाकाने माखल्यासारखी होते.

आकडा हवा असेल तर अल्कोहोलमीटर लागतो. तो द्रवाची घनता मोजतो, आणि साखरेने घनता वाढते म्हणून तो तीव्रता कमी दाखवतो. ४० टक्क्यांच्या आसपास लिटरमागे दर १० ग्रॅम साखरेला वाचन सुमारे अडीच टक्क्यांनी उतरतं. लेबलवर ४० आणि मीटरवर ३५ असेल, तर साखर २० ग्रॅमच्या आसपास.

आपल्याकडे चूक होते ती तापमानात. मीटर २० अंश सेल्सिअससाठी बनवलेला असतो. मे महिन्यात खोलीत ३० अंश असताना मोजलं तर वाचन जवळपास चार टक्के जास्त येतं, आणि तेवढ्यात लिटरमागे पंधरा-सोळा ग्रॅम साखर लपून जाते. नमुन्याचा ग्लास बर्फाच्या पाण्यात ठेवून थर्मामीटरवर २० अंश आल्यावरच मोजा. काही उत्पादक पोत जाड करायला ग्लिसरीन घालतात. तेही घनता वाढवतं आणि मीटरला साखरेपासून ते वेगळं ओळखता येत नाही.

७. लिंबाच्या चवीची रम किंवा व्होडका आहे. मग मोहितोत लिंबू पिळायची गरज नाही ना?

आहे. फ्लेवर्ड दारूत फळाचा वास असतो, आंबटपणा जवळपास नसतो. लिंबाचा वास सालीतल्या तेलातून येतो आणि आंबटपणा रसातल्या सायट्रिक आम्लातून. बाटलीत यातलं पहिलंच उतरलेलं असतं. लिंबू वगळून मोहितो केलात तर वास लिंबाचा आणि चव साखरपाण्याची होते.

म्हणजे रस आहे तेवढाच ठेवा आणि साल वगळा. साल किसून घालत असाल किंवा लिंबाच्या फोडी पुदिन्यासोबत चेचत असाल तर तेवढं सोडा, कारण साल आणि फ्लेवर दोन्ही एकत्र आले की फरशी पुसायच्या द्रावणाचा भास होतो. पाकाचं लेबलवर ठरवा. 'ॲब्सोल्यूट सित्रॉ' सारख्या काही व्होडकांत साखर घातलेली नसते, तिथे पाक पूर्ण लागतो. कॉस्मोपॉलिटनमध्ये सित्रॉ व्होडका घालूनही लिंबाचा रस वेगळा घालतात, तो याचसाठी.

स्पाइस्ड रमचा मोहितो करू का, हेही बरेच जण विचारतात. माझं मत नाही. पुदिना आणि व्हॅनिला एकत्र आले की टूथपेस्ट आठवते.

८. कोलाबरोबर कशी घ्यायची?

जमते छान, कारण कोलातही व्हॅनिला, दालचिनी आणि लिंबूवर्गीय तेलांच्या ओळीतल्याच चवी असतात. अडचण गोडीची. कोलात १०० मिलीमागे दहा-साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे १२० मिली कोलात डाकिरीच्या पाकाएवढी साखर आधीच आहे आणि आंबटपणा फारसा जाणवत नाही. स्पाइस्ड रम ६० मिली, कोला ७०, साधा सोडा ७०, आणि अर्धं लिंबू पिळून. फोड नुसती ग्लासाच्या कडेला लावून काही होत नाही, पिळा. थम्स अप वापरत असाल तर सोडा थोडा कमी चालतो, तिचा झणका जास्त आहे.

९. नारळाच्या रमने पिन्या कोलाडा होईल का?

वास होईल, पोत होणार नाही. पिन्या कोलाडाचा जाडपणा नारळाच्या स्निग्धांशातून येतो. नारळाच्या चवीच्या बाटलीत तो नसतो, असता तर तेल वर तरंगलं असतं. शिवाय 'मलिबू' २१ टक्क्यांचीच आहे. ६० मिली मलिबू घातली तर ड्रिंकमध्ये साध्या रमच्या निम्म्याहून कमी अल्कोहोल जातं आणि गोडी भरपूर.

पांढरी रम ४० मिली, नारळाची रम २० मिली, घट्ट नारळाचं दूध ४० मिली, अननसाचा रस ९० मिली, लिंबू १० मिली. पाक घालू नका. नारळाचं दूध पहिल्या पिळाचं घ्या. दुसऱ्या पिळाचं पाणीदार असतं, बर्फावर ते फाटल्यासारखं दिसतं.

१०. कुठल्या कॉकटेलमध्ये स्पाइस्ड रम घालूच नये?

ज्या रेसिपीत मसाल्याची चव दुसऱ्या कुठल्या घटकातून आधीच येते तिथे. ओल्ड फॅशन्डमध्ये अँगोस्टुरा बिटर्स लवंग-दालचिनीच्या वळणाचं असतं. स्पाइस्ड रम घेतलीत तर दोनाऐवजी एकच थेंब टाका, साखर जवळपास बंद करा आणि वर संत्र्याची साल पिळा. माय ताईत बदामाचं सिरप आणि संत्र्याचं लिकर असतं. तिथे व्हॅनिला घुसला की सगळं मार्झिपान होऊन जातं, म्हणून तिथे जुनी साधी रमच हवी.

ताज्या आल्याचा रस, जिंजर बिअर किंवा सफरचंदाचा रस मात्र तिला मानवतो, कारण या तिन्हींना तिखट किंवा आंबट धार आहे.

११. घरी कशी करायची? गोडा मसाला चालेल का?

गोडा मसाला नको. त्यात खोबरं, तीळ आणि तेलात परतलेले जिन्नस असतात. तेल रममध्ये उतरून वर तवंग येतो आणि काही आठवड्यांत खवट वास मारतो. शिवाय पूड गाळून निघत नाही, रम गढूळच राहते. अख्खे मसाले घ्या.

सगळे मसाले एकाच बरणीत टाकू नका, कारण लवंग एका दिवसात उतरते आणि व्हॅनिलाला दोन आठवडे लागतात. चार छोट्या काचेच्या बरण्यांत प्रत्येकी १०० मिली साधी रम घ्या. पहिलीत पाच लवंगा, एक दिवस. दुसरीत संत्र्याच्या सालीच्या दोन पट्ट्या, पांढरा भाग खरवडून काढलेल्या, दोन दिवस. तिसरीत बोटभर दालचिनी, तीन दिवस. चौथीत व्हॅनिलाची एक शेंग उभी चिरून, दोन आठवडे. मुदत झाली की गाळून मसाला फेकून द्या. बरणी सुंदर दिसते म्हणून मसाले आत ठेवणं हेच रम बिघडायचं नेहमीचं कारण.

मग १०० मिली साध्या रममध्ये व्हॅनिलाचा अर्क १० मिली, दालचिनी ५, संत्रं ५ आणि लवंग फक्त १ मिली घालून चाखा. हे प्रमाण सुरुवातीचं, पुढे आपल्या जिभेने ठरवा. साखर शेवटी, आणि घालायचीच तर ३ मिली पाक, त्याहून जास्त नको.

बिघडलं तर असं कळतं: लवंग जास्त झाली की जीभ बधिर होते, दातदुखीला लवंगेचं तेल लावल्यावर होते तशी, आणि दोन्हीकडे कारण युजेनॉल हेच. दालचिनी जास्त झाली की तोंड कोरडं पडतं. सालीचा पांढरा भाग राहिला तर घोट गिळल्यावर कडू लागतं. उतरलेली चव काढून टाकता येत नाही, साधी रम घालून पातळच करावी लागते. किराणा दुकानातली जाड दालचिनी बहुतेक कॅसिया असते, ती सिलोनच्या पातळ, पापुद्र्यांच्या दालचिनीपेक्षा उग्र. ती घेतलीत तर निम्मा तुकडा पुरतो.

घरी मसाले मुरवणं वेगळं आणि घरी दारू गाळणं वेगळं. दुसरं गुन्हा आहे, त्यावरच्या प्रश्नांना इथे उत्तर मिळणार नाही.

१२. माझी घरची रम बर्फ घातल्यावर ढगाळ झाली. खराब झाली का?

नाही. सालीतली आणि मसाल्यातली तेलं तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळतात. बर्फ वितळून तीव्रता खाली आली आणि रम गार झाली की त्यांचे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. ग्रीसची ऊझो पाण्यात दुधाळ होते ती अशीच. चक्रफूल किंवा संत्र्याची साल भरपूर असेल तर हे हमखास होतं. स्वच्छ दिसायला हवी असेल तर साल कमी करा. बाटलीत असतानाच ढगाळ झाली आणि वास खवट येत असेल, तर मात्र ती प्रश्न ११ मधली तेलाची भानगड आहे, ओतून द्या.

१३. गोव्यातली दुकशिरी फेणीही याच प्रकारात मोडते का?

मोडते, आणि ती जरूर चाखावी अशी आहे. दुकशिरी म्हणजे आपली उपळसरी, अनंतमूळ. तिची मुळं माडाच्या फेणीत मुरवतात. तिच्या वासाचं मुख्य द्रव्य व्हॅनिलिनचंच भावंड आहे, तेच अणू थोड्या वेगळ्या रचनेत, म्हणून वास व्हॅनिलाच्या आसपास पण मातकट, औषधी येतो. नन्नारीचं सरबत प्यायलेल्यांना तो लगेच ओळखू येईल.

मिक्सिंगचा नियम प्रश्न ५ चाच, फक्त इथे साखर अजिबात नको. दुकशिरी फेणी ४५ मिली, लिंबू १५ मिली, चिमूटभर मीठ, वर सोडा. गोड लिंबूपेयात घातली तर तिचा मातकट वास दबून जातो.

१४. फ्लेवर्ड दारूत गाडीच्या कूलंटमधलं रसायन असतं, हे खरं का?

ही अफवा २०१४ पासून फिरतेय. तेव्हा फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वेत 'फायरबॉल' ही दालचिनीची व्हिस्की दुकानांतून परत घेतली गेली, कारण तिच्यात प्रोपिलीन ग्लायकॉल युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. चवीचे अर्क विरघळवायला ते खाद्य उद्योगात सर्रास वापरतात. अमेरिकेची मर्यादा युरोपपेक्षा बरीच सैल आहे, आणि तिथल्या कृतीचा माल युरोपात गेल्याने हा घोळ झाला. जीवघेणं कूलंट म्हणतात ते इथिलीन ग्लायकॉल, ते वेगळं रसायन आहे.

१५. उघडलेली बाटली किती टिकते?

खराब होत नाही, पण फिकी पडते. लिंबू-संत्र्याचा वास आधी उडतो, व्हॅनिला सगळ्यात शेवटी, म्हणून जुनी अर्धी बाटली नव्यापेक्षा जास्त गोड वाटते. अशा बाटलीला प्रश्न ५ मधला पाक अजून थोडा कमी करा आणि संत्र्याची ताजी साल वरून पिळा. दुधाची किंवा क्रीमची फ्लेवर्ड दारू याला अपवाद आहे. ती फ्रिजमध्येच ठेवा, आणि उघडल्यानंतरची मुदत लेबलवर असते ती पाळा.